दोन काड्यांचा हिशेब

संक्रांतीच्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानातून एक साधा कागदी पतंग आणा आणि उडवण्याआधी त्याच्या चारही कडा फूटपट्टीने मोजा. एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक सोडला तर बहुतेक वेळा चारही सारख्या भरतील. पतंग करणारा कारागीर चौरस कागद घेतो, तो कोपऱ्यावर उभा धरतो, एक काडी वरपासून खालपर्यंत चिकटवतो आणि दुसरी वाकवून कमानीसारखी बसवतो. आता शाळेचं भूमितीचं पुस्तक उघडा. तिथे ‘पतंग’ नावाचा एक चौकोन आहे. आकृतीत त्याच्या वरच्या दोन कडा आखूड असतात आणि खालच्या दोन लांब. आपल्या गच्चीवरून उडणारा पतंग आणि पुस्तकातला पतंग दिसायला काही एक नव्हेत.

याचं कारण नावाच्या प्रवासात आहे. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच भागात चौकोनांची नावं सांगितली. चौरस, आयत, समभुज चौकोन आणि समांतरभुज चौकोन यांना त्याने वेगळी नावं दिली, आणि उरलेल्या सगळ्यांना एकाच गोणीत भरलं. आपला आखूड-लांब कडांचा चौकोन त्या गोणीत पडून राहिला. एकोणिसाव्या शतकात जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर या इंग्रज गणितज्ञाने त्याला तिथल्या खेळण्याचं नाव दिलं, अशी नोंद ओलाउस हेन्रिची यांनी केली आहे. युरोपातला पतंग म्हणजे क्रुसासारख्या बांधलेल्या दोन सरळ काड्या. त्यातली आडवी काडी मधोमध न बांधता वरच्या बाजूला बांधलेली. त्या खेळण्याचं इंग्रजी नाव मुळात घारीचं. मराठीत भाषांतर करताना आपण ‘पतंग’ म्हणालो, आणि आपल्याकडे तर पतंग म्हणजे दिव्यावर झेपावणारा किडाही. घार, किडा आणि चौकोन अशी ही वंशावळ आहे.

मग दुकानातला चौरस पतंग भूमितीच्या दृष्टीने पतंग आहे की नाही? आहे. शाळेत शिकवली जाणारी व्याख्या अशी, की ज्या चौकोनाचा एक कर्ण दुसऱ्या कर्णाचा लंबदुभाजक असतो, म्हणजे दुसऱ्याला काटकोनात छेदून त्याचे दोन सारखे भाग करतो, तो पतंग. दुसऱ्या कर्णाने पहिल्याचे सारखे भाग करू नयेत, असं व्याख्येत कुठेही म्हटलेलं नाही. त्याने केलेच, तर चारही कडा सारख्या होतात आणि समभुज चौकोन मिळतो. म्हणून प्रत्येक समभुज चौकोन हा पतंग असतो, पण प्रत्येक पतंग समभुज नसतो. काही पुस्तकं पतंगाच्या लगतच्या कडांच्या जोड्या वेगवेगळ्या लांबीच्याच हव्यात, अशी अट घालून समभुज चौकोनाला बाहेर काढतात. मला ती अट नको वाटते. पुढे जे पाहायचं आहे त्यात एक आकार दुसऱ्यात सरकत जातो, आणि मध्येच भिंत घातली तर ती गंमत जाते.

आता दोन काड्या घेऊ. उभी ५० सेंटिमीटरची, आडवी ४८ ची. आडव्या काडीचा मध्य शोधून तिथे खूण करू. उभ्या काडीच्या वरच्या टोकापासून १८ सेंटिमीटरवर दुसरी खूण करू. दोन्ही खुणा एकमेकींवर ठेवून, गुण्या लावून काटकोन साधून, दोऱ्याने घट्ट बांधू. मग चारही टोकांवरून दोरा फिरवून आणला की पतंगाची चौकट तयार. वरच्या टोकाला शेंडा म्हणू, खालच्याला बूड आणि दोन बाजूच्या टोकांना कान.

या चौकटीत चार काटकोन त्रिकोण दिसतात. वरचे दोन १८ आणि २४ बाजूंचे, खालचे दोन ३२ आणि २४ बाजूंचे. पायथागोरसच्या नियमाने वरची कड ३० सेंटिमीटर येते आणि खालची ४०. डावी-उजवी सारखी येणारच, कारण उभ्या काडीवरचा कोणताही बिंदू दोन्ही कानांपासून सारख्याच अंतरावर असतो. त्यामुळे कागद उभ्या काडीवर दुमडला की डावा कान बरोबर उजव्या कानावर बसतो. दोन्ही कानांचे कोन सारखे आहेत, आणि उभी काडी शेंड्याच्या व बुडाच्या कोनाचे बरोबर दोन भाग करते. आडवी काडी मात्र असलं काही करत नाही. तिच्यावर दुमडा, शेंडा बुडापर्यंत पोहोचतच नाही. कानाच्या कोनाचेही ती दोन सारखे भाग करत नाही. आपल्या पतंगात कानाचा कोन ९० अंशांचा आहे, पण आडव्या काडीच्या वर त्यातले सुमारे ३७ अंश जातात आणि खाली ५३.

समभुज चौकोन कागदातून कापून असाच दुमडून पाहा. तो दोन्ही काड्यांवर दुमडतो. समोरासमोरच्या कोनांच्या दोन्ही जोड्या सारख्या असतात, पतंगात फक्त कानांची जोडी सारखी. समभुज चौकोनाच्या समोरासमोरच्या कडा समांतर असतात, पतंगाच्या नसतात. हा फरक स्वयंपाकघरात चांगला दिसतो. शंकरपाळ्यांच्या पोळीवर कातणाने तिरक्या समांतर रेघा मारल्या, मग दुसऱ्या दिशेने तितक्याच अंतरावर समांतर रेघा मारल्या, की समभुज चौकोनांची रास पडते. दुसऱ्या वेळी अंतर चुकलं तर समांतरभुज चौकोन पडतील. पण समांतर रेघांच्या या पद्धतीने आखूड-लांब कडांचं पतंगी शंकरपाळं एकही पडणार नाही.

क्षेत्रफळाकडे वळू. कागद किती लागला? ५० बाय ४८ चा आयत घ्या आणि त्यावर चौकट ठेवा. चारही टोकं आयताच्या चार कडांना टेकतात. दोन्ही काड्यांमुळे आयताचे चार छोटे आयत होतात आणि पतंगाची प्रत्येक कड एकेका छोट्या आयताचा कर्ण असते. कर्ण आयताचे दोन सारखे त्रिकोण करतो. त्यातला एक पतंगात राहतो, एक बाहेर जातो. म्हणजे पतंगात बरोबर अर्धा आयत: ५० गुणिले ४८, भागिले २, एकूण १२०० चौरस सेंटिमीटर. ‘कर्णांच्या गुणाकाराच्या निम्मं’ या सूत्रातलं निम्मं इथून आलं. कात्रीने करून पाहायचं असेल तर कोपऱ्यातले चार तुकडे टाकून देऊ नका. ते जोडले की तंतोतंत तेवढाच दुसरा पतंग तयार होतो.

मी मुद्दाम १८ ही खूण निवडली, कारण तिच्यामुळे उत्तर दुसऱ्या वाटेनेही तपासता येतं. कानाचे कोन काटकोन आल्यामुळे उभ्या काडीच्या प्रत्येक बाजूला ३० आणि ४० बाजूंचा काटकोन त्रिकोण आहे. त्याचं क्षेत्रफळ ६००. दोन्हींचं मिळून १२००. हिशेब जुळला.

आता खरी गंमत. आडव्या काडीचा दोरा सोडा आणि ती उभ्या काडीवरून खाली सरकवा. काटकोन राखायचा आणि आडवी काडी तिच्या मध्यावरच बांधायची, एवढंच. सरकवत सरकवत २५ सेंटिमीटरवर, उभ्या काडीच्या मध्यावर आणा. आता चारही कडा सारख्या होतील, प्रत्येकी सुमारे ३४.६६ सेंटिमीटर. पतंगाचा समभुज चौकोन झाला. कागद किती लागेल? तेच, १२००. कारण आयत तोच आहे, ५० बाय ४८. हिशेबात काड्यांची लांबी येते, गाठ कुठे मारली ते येतच नाही. काडी वर सरकवून थेट शेंड्यावर बांधली तर चौकोन उरत नाही, ४८ पायाचा आणि ५० उंचीचा त्रिकोण होतो. त्याचंही क्षेत्रफळ १२००. ‘पाया गुणिले उंची भागिले दोन’ हे शाळेतलं त्रिकोणाचं सूत्र म्हणजे या सरकत्या काडीचं शेवटचं स्टेशन.

शेवटचंही नव्हे. समजा कानांची रेषा शेंड्याच्याही वर १० सेंटिमीटर नेली. काडी आता कागदाच्या बाहेर हवेत आहे. शेंडा दोन कानांच्या मध्ये आत ओढलेला दिसेल आणि आकृती बाणाच्या टोकासारखी होईल. कानांपासून बुडापर्यंतचा मोठा त्रिकोण ४८ पायाचा आणि ६० उंचीचा, क्षेत्रफळ १४४०. त्यातून कानांपासून शेंड्यापर्यंतची खाच वजा करायची, ४८ पाया आणि १० उंची, म्हणजे २४०. उरले १२०० च. रॉजर पेनरोज यांनी १९७० च्या दशकात दोनच आकारांच्या फरशांनी अशी नक्षी मांडली, की ती कितीही पसरवा, एका ठरावीक तुकड्याची पुनरावृत्ती होऊन ती भरत नाही. त्या दोन आकारांतला एक पतंग आहे, आणि दुसरा हाच बाण.

मग गाठ सरकवल्याने काहीच बदलत नाही का? बदलतं. कडेचा दोरा बदलतो. १८ वर बांधलेल्या पतंगाला ३०, ३०, ४०, ४० मिळून १४० सेंटिमीटर दोरा लागला. समभुज चौकोनाला सुमारे १३८.६ लागतो. काडी १८ वरून २५ वर आणली तेव्हा वरची कड ४.६६ ने वाढली, पण खालची ५.३४ ने घटली. काडी शेंड्यावर नेली तर जवळजवळ १५९ लागतो आणि बाणाला १८१. काड्या त्याच असतील तर सगळ्यांत कमी दोऱ्यात होणारी चौकट समभुज चौकोनाची. कमानीचा पतंग करणाऱ्या कारागिराने हा हिशेब मांडून चौरस निवडला असं मी म्हणणार नाही. चौरस कागद कापायला सोपा आणि रद्दी कमी, हे कारण त्याला पुरेसं आहे.

दुसरी बदलते ती तोलाची जागा. उभ्या काडीवर कागदाचा तोल साधणारा बिंदू शोधायचा तर उभ्या काडीची लांबी आणि गाठीचं शेंड्यापासूनचं अंतर यांची बेरीज करून तिला तीनाने भागायचं. समभुज चौकोनात हे ७५ भागिले ३, म्हणजे २५ येतं. १८ वर बांधलेल्या पतंगात ६८ भागिले ३, सुमारे २२.७. कागद तेवढाच असला तरी त्याचा भार शेंड्याकडे सव्वादोन-अडीच सेंटिमीटर सरकला. कन्नी बांधताना दोन चिमटींचा फरक पडला की पतंग गोते खायला लागतो, हे ज्याने बांधली आहे त्याला माहीत आहे. क्षेत्रफळाचं सूत्र या बाबतीत मुकं आहे.

इथवर आपण काड्या पक्क्या ठेवल्या आणि कडा बदलू दिल्या. आता उलट करू. कडा पक्क्या ठेवायच्या आणि काड्या काढून टाकायच्या. दुकानांना असतो तो जाळीचा सरकता लोखंडी दरवाजा डोळ्यांपुढे आणा. त्यातल्या पट्ट्या लांबी बदलत नाहीत, फक्त खिळ्यांभोवती फिरतात. दरवाजा ओढला की जाळीतले समभुज चौकोन फुगतात आणि ढकलला की चिरेसारखे अरुंद होतात. कडा त्याच, क्षेत्रफळ मात्र दर क्षणी वेगळं.

हे भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘लीलावती’त आकड्यांनिशी दाखवलं आहे. चारही बाजू पाचाचा वर्ग, म्हणजे २५ असलेल्या चौकोनाचे कर्ण आणि क्षेत्रफळ सांग, असा प्रश्न ते घालतात. उत्तर एक नाही. एक कर्ण ३० धरला तर दुसरा ४० येतो आणि क्षेत्रफळ ६००. एक १४ धरला तर दुसरा ४८ आणि क्षेत्रफळ ३३६. दोन्ही कर्ण सारखे धरले तर चौरस होतो आणि क्षेत्रफळ ६२५, त्याहून जास्त होणारच नाही. तपासणी सोपी आहे. अर्धे कर्ण १५ आणि २०, तर बाजू २५. अर्धे कर्ण ७ आणि २४, तरी बाजू २५. नुसत्या बाजू देऊन चौकोनाचं क्षेत्रफळ विचारणाऱ्याला भास्कराचार्यांनी पिशाच म्हटलं आहे, आणि तसं उत्तर देऊ पाहणाऱ्याला त्याहून मोठं पिशाच. त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. त्या मठात हा प्रश्न कितीजणांनी सोडवला असेल!

पतंगालाही हे लागू आहे. ‘कडा ३०, ३०, ४०, ४०, क्षेत्रफळ काढा’ एवढंच गणित दिलं तर ते अपुरं आहे. कानांमधलं अंतर ४८ असेल तर १२०० येतात. तेच अंतर ३६ केलं तर उभी काडी सुमारे ५९.७ ची लागते आणि क्षेत्रफळ १०७५ च्या आसपास येतं. कान काटकोनी असतात तेव्हाच ते सर्वांत जास्त, ३० गुणिले ४० इतकं असतं. समभुज चौकोनात निदान कर्ण न मोजता एक पळवाट आहे. समोरासमोरच्या कडा समांतर असल्यामुळे त्यांच्यामधलं लंबांतर घेऊन त्याला बाजूने गुणता येतं. पतंगात समांतर कडाच नाहीत, त्यामुळे ही वाट बंद.

हे सूत्र वापरताना मुलांच्या हातून नेमकं काय चुकतं, हे वह्या पाहिल्या की कळतं. कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं हे सूत्र एकदा पाठ झालं की ते कोणत्याही चौकोनाला लावलं जातं. ८ बाय ६ चा आयत घ्या. त्याचे दोन्ही कर्ण १०. सूत्राने ५० येतात आणि खरं क्षेत्रफळ तर ४८. आयताचे कर्ण एकमेकांना दुभागतात, पण काटकोनात छेदत नाहीत, आणि या सूत्राला दुभागणं नको, काटकोन हवा. म्हणूनच आडवी काडी मध्यावर न बांधता डावीकडे २० आणि उजवीकडे २८ अशी वाकडी बांधली, पण काटकोन राखला, तरी क्षेत्रफळ १२०० च राहतं. अशी आकृती पतंग नाही, समभुज तर नाहीच, तरी सूत्र चालतं. उडायला मात्र ती चालणार नाही, एका अंगाला कलेल. दुसरी चूक अर्ध्या कर्णांची. गणितात छेदनबिंदूपासूनचं अंतर २४ दिलेलं असतं आणि तेच पूर्ण कर्ण म्हणून सूत्रात जातं. उत्तर निम्मं येतं. बाहेरचा आयत मनात काढला की हे लगेच पकडता येतं, कारण पतंगाने त्याचा बरोबर अर्धा भाग व्यापलाच पाहिजे.

आणि दुकानातल्या पतंगावर हा हिशेब करणार असाल तर कमान मोजू नका. ती वाकलेली असते, म्हणून कानापासून कानापर्यंतच्या सरळ अंतराहून लांब भरते. शिवाय ती उभ्या काडीला वर, शेंड्याच्या बाजूला भेटते, कर्ण मात्र मधोमध छेदतात. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दोरा ताणून धरा आणि तो मोजा. चौरस कागदाचा पतंग असेल तर तो दोरा आणि उभी काडी यांची लांबी सारखी भरेल. नाही भरली, पण चारही कडा सारख्या असतील, तर कारागिराने तुम्हाला समभुज चौकोन विकला आहे.